आधी कानांना कळतं

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. नाणं टाकून खेळायचं यंत्र, काळ्या पडद्यावर अकरा-अकराच्या पाच ओळींत उभे असलेले ५५ परग्रहवासी आणि तळाशी तुमची एकुलती एक तोफ. ही फौज डावी-उजवीकडे सरकत एकेक पायरी खाली उतरत येते. ती तळाला पोहोचायच्या आत सगळ्यांना पाडायचं, एवढाच खेळ. मागे खर्जातले चार स्वर वाजत राहतात. वरून खाली उतरणारे, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. त्याला चाल म्हणवत नाही, गाणं तर नाहीच.

त्या यंत्राचा प्रोग्राम एका वेळी एकच परग्रहवासी हलवायचा आणि पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जायचा. म्हणजे ५५ जण जिवंत असताना अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. निम्मे पडले की अर्ध्या सेकंदातच पाऊल पडे, आणि शेवटचा एकटा उरला की तो सुसाट पळत सुटे. खेळाचा कर्ता तोमोहिरो निशिकादो याच्या हे ध्यानात आलं आणि त्याने तो वेग तसाच राहू दिला, कारण खेळ त्यामुळे आपोआप अवघड होत जात होता. त्याच्या जोडीला आवाजाचीही सोय केलेली होती. किती शत्रू उरलेत यावरून दोन स्वरांमधलं अंतर ठरायचं. फौज कमी होत जाई तसे ते चार स्वर अधिकाधिक घाईने वाजत.

खेळणाऱ्याचे डोळे स्वतःच्या तोफेवर आणि वरून पडणाऱ्या गोळ्यांवर खिळलेले असतात. किती उरले हे मोजायला त्याला सवड नसते. ते त्याला कानांनी कळतं. आणि नेमका तोच आवाज त्याच्या छातीतली धडधडही वाढवतो. खबर आणि भीती अशा दोन वेगळ्या वस्तू तिथे नाहीतच, एकच आवाज दोन्ही कामं करतो. गेममधल्या आवाजाचा सगळा व्यवहार पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं याच पायावर उभा राहिला आहे, आणि तरीही गेमबद्दल बोलताना आपण चित्रांबद्दलच बोलतो. घरात कुणाला त्रास नको म्हणून मोबाइलचा आवाज बंद करून खेळणारी मुलं आपल्याकडे असंख्य आहेत. ती अर्धाच खेळ खेळत असतात.

सिनेमाच्या संगीतकाराला एक मोठी सोय असते. त्याच्या हातात संकलन झालेला प्रसंग येतो. नायिका दार किती वाजून किती सेकंदांनी उघडणार, हे त्याला ठाऊक असतं आणि प्रत्येक प्रेक्षकासाठी ते दार त्याच क्षणी उघडणार असतं. गेमच्या संगीतकाराला यातलं काहीच ठाऊक नसतं. एक खेळाडू दाराकडे धावत सुटेल, दुसरा वीस मिनिटं खोलीतली मडकी फोडत बसेल, तिसरा दारापर्यंत जाऊन परत फिरेल. तिघांनाही संगीत आपल्यासाठीच लिहिलेलं वाटलं पाहिजे.

यावरचा पहिला पक्का तोडगा १९९१ सालचा. अमेरिकेतल्या लुकासआर्ट्स कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल या दोघांनी ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणा तयार केली आणि ती प्रथम ‘मंकी आयलंड २’ या समुद्री चाच्यांच्या विनोदी खेळात वापरली. पुढे १९९४ मध्ये तिचं पेटंटही मिळालं. त्या खेळात वुडटिक नावाचं एक गाव आहे, मोडक्या जहाजांच्या सांगाड्यांवर वसलेलं. गावाची स्वतःची एक धून आहे. तुम्ही दारूच्या गुत्त्यात शिरलात की ती धून गुत्त्याचा रंग घेते, नकाशे काढणाऱ्या पोराच्या खोलीत गेलात की वेगळं वाद्य पुढे येतं, धोब्याकडे गेलात की आणखी वेगळं. बाहेर पडलात की पुन्हा गावाची धून. कुठेही खटका नाही, कुठेही गाणं तुटून दुसरं सुरू झालंय असं वाटत नाही.

हे साधायला लँड आणि मॅकॉनेल यांनी संगीतात जागोजागी खुणा पेरून ठेवल्या होत्या. खेळाडू दारातून बाहेर पडला की यंत्रणा लगेच उडी मारत नाही. चालू असलेला तुकडा पुढच्या खुणेपर्यंत जाऊ देते, मग तिथून बाहेर पडण्यासाठी खास लिहिलेला छोटासा दुवा वाजवते आणि नंतर गावाच्या धुनेत मिसळते. बाहेर पडायच्या वाटाही एकाहून जास्त असतात, कारण खेळाडू धुनेच्या कुठल्या भागात असताना निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. शास्त्रीय गायनाच्या मैफिलीत गायकाने तान कितीही लांबवली, मध्येच वळवली, तरी तबलजी ठेका सोडत नाही आणि दोघं समेवर भेटतात. आयम्यूजमध्ये खेळाडू हा तो लहरी गायक आहे आणि यंत्रणा त्याच्यासाठी सम शोधत बसलेली आहे.

आयम्यूजला हे जमलं, कारण त्या काळी संगणक स्वर जागच्या जागी वाजवायचा. त्याच्याकडे ध्वनिमुद्रण नसे, सूचनांची यादी असे: हा स्वर, या वाद्यात, इतका वेळ. ती यादी वाटेल तिथे वळवता येते. पुढे सीडी आल्या, खऱ्या वाद्यांचं मुद्रण गेममध्ये आलं, आवाज श्रीमंत झाला आणि ही लवचिकता मात्र बरीचशी गेली. मुद्रित गाण्यातलं एक वाद्य नंतर बदलता येत नाही. मग लोकांनी थरांची युक्ती काढली. एकच रचना पाच-सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत मुद्रित करायची, सगळ्या पट्ट्या एकाच वेळी चालू ठेवायच्या, आणि प्रसंगाप्रमाणे कुठलीचा आवाज वर, कुठलीचा शून्य करायचा.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे २०१० चा ‘रेड डेड रिडेम्प्शन’. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरची घोड्यांची, बंदुकांची, ओसाड माळरानांची गोष्ट. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या संगीतकारांनी त्यातलं बहुतेक सगळं संगीत एकाच लयीत आणि एकाच स्वरात बांधलं: मिनिटाला १३० ठोके, ए मायनर. ऐकताना हे कंटाळवाणं बंधन वाटेल. पण त्यामुळे कुठल्याही दिवशी वाजवलेली कुठलीही पट्टी दुसऱ्या कुठल्याही पट्टीवर बसू लागली. माळावर पायी चालताना एखादी लांबवलेली शीळ, घोड्यावर टांग मारली की तिच्याखाली बास गिटार, गोळीबार सुरू झाला की ढोल. खेळाडू जे करतो त्यातूनच गाणं रचलं जातं, आणि ते बेसूर होण्याची भीती नाही.

आता थोडा हिशोब करून पाहू. मिनिटाला १३० ठोके म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन साधारण १.८५ सेकंदांचं. नवी पट्टी आवर्तनाच्या सुरुवातीलाच आत आणायची असेल, तर वाईटात वाईट वेळी जवळजवळ दोन सेकंद थांबावं लागतं. घोड्यावर बसताना हे चालतं. पाठीमागून गोळी आली तेव्हा मात्र दोन सेकंद फार झाले. म्हणून अशा जागी आधी एक छोटासा, तालाची पर्वा न करणारा आघात वाजवतात: एखादा झांजेचा फटका, तारांची एक किंकाळी. खेळाडू दचकतो, त्याचं लक्ष त्या आघाताकडे जातं आणि त्याच्या आडोशाने ढोल आवर्तनावर बरोबर आत येतात.

या खेळात एक जागा अशी आहे जिथे ही सगळी युक्ती बाजूला ठेवली आहे. कित्येक तास शब्दांशिवायचं, तुकड्यातुकड्यांचं संगीत ऐकल्यावर नायक नदी ओलांडून मेक्सिकोत पोहोचतो आणि घोड्यावर बसून एकटाच निघतो. तिथे होसे गोन्झालेस या गायकाचं अख्खं गाणं, शब्दांसकट, सुरू होतं. समोर लांब रस्ता आहे, संध्याकाळी-सकाळी बदलणारा उजेड आहे आणि करायला काहीच नाही. रचनाकारांनी ती जागा फार विचाराने निवडली आहे. पुढची काही मिनिटं खेळाडू घोडा हाकण्यापलीकडे काही करण्याची शक्यता कमी आहे, म्हणून तिथे पूर्ण गाणं टिकतं. हेच गाणं गावात किंवा लढाईच्या तोंडावर लावलं असतं तर मध्येच तोडावं लागलं असतं. भावना तिथे उमटते ती गाण्याच्या गोडव्यामुळे तर खरीच, पण त्याआधी पाळलेल्या इतक्या तासांच्या संयमामुळे जास्त.

संगीत खेळाला इतकं चिकटलं की एक अडचण येते, आणि ती ओळखायला सोपी आहे. जंगलातून चालताना अचानक लढाईचं संगीत सुरू होतं. समोर कुणी दिसत नाही, पण शत्रूने तुम्हाला पाहिलंय हे तुम्हाला कळून चुकतं. संगीताने शत्रूचं बिंग फोडलेलं असतं. किंवा उलट, सगळे मेले असं वाटतं आणि ढोल थांबत नाहीत. म्हणजे कुठेतरी एक जण दडून बसलाय. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: शत्रू दिसतोय-न-दिसतोय अशा अंतरावर असला की संगीत सुरू, बंद, सुरू, बंद होत राहतं. यावर उपाय म्हणून लढाईचं संगीत लगेच सुरू करतात, पण थांबवताना मुद्दाम उशीर लावतात. धोका टळल्यावर काही सेकंद वाट पाहायची आणि मगच थर उतरवायचे. नीट केलेल्या खेळात हे लक्षातही येत नाही. ज्या खेळात संगीत कावरंबावरं झाल्यासारखं वाटतं, तिथे हा उशीर लावायचा राहून गेलेला असतो.

इथवर संगीताचं झालं. पण गेममधले बहुतेक आवाज संगीताचे नसतात. पावलं, दारं, गोळ्या, श्वास, घासाघीस, हाका. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते कमी नसतात, फार असतात.

ब्लिझर्ड कंपनीचा ‘ओव्हरवॉच’ २०१६ साली आला. सहा विरुद्ध सहा असा सामना. बारा जण एकाच वेळी धावतायत, उड्या मारतायत, गोळ्या झाडतायत, एकमेकांना हाका मारतायत. सगळे आवाज प्रामाणिकपणे, अंतराच्या हिशोबाने वाजवले तर कानावर फक्त कल्लोळ पडेल. आवाजाच्या चमूचा प्रमुख स्कॉट लॉलर याने त्याच वर्षी गेम बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत या कामाविषयी भाषण दिलं. आवाजाच्या आधारे खेळता येणं, हे ध्येय भाषणाच्या नावातच होतं. ते गाठण्यासाठी त्यांनी ठरवलं की यंत्रणेने प्रत्येक शत्रूला क्षणाक्षणाला एक महत्त्व द्यायचं. तो पडद्यावर किती मोठा दिसतोय, त्याचा रोख तुमच्याकडे आहे का, तो तुम्हाला इजा करतोय का, अशा गोष्टींवरून हे महत्त्व ठरतं. ज्याच्यापासून तुम्हाला सर्वांत जास्त धोका, त्याचा आवाज पुढे. बाकीचे त्या प्रमाणात मागे ढकलले जातात.

याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. बाराही खेळाडू एकाच मैदानात आहेत, पण प्रत्येकाला वेगळं मैदान ऐकू येतं. तुमच्या शेजारी उभा असलेला तुमचाच साथीदार धडाधड गोळ्या झाडत असेल, आणि पलीकडच्या गल्लीतून एक शत्रू तुमच्या पाठीवर येत असेल. खऱ्या जगात शेजारच्या बंदुकीपुढे त्या पावलांचा मागमूस लागला नसता. इथे शेजाऱ्याची बंदूक दबते आणि पावलं ऐकू येतात. शत्रूची पावलं साथीदारांच्या पावलांपेक्षा मोठी ठेवलेली आहेत, आणि प्रत्येक पात्राची पावलं वेगळी आहेत. राइनहार्ट हा चिलखतधारी धिप्पाड म्हातारा चालतो तेव्हा लोखंड आपटतं, ट्रेसर ही चपळ मुलगी धावते तेव्हा बूट नुसते टपटपतात. काही सामने खेळलेला मुलगा कोण येतंय ते न बघता सांगतो. हे वास्तवाला धरून नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं. वास्तवातला आवाज कुणाच्या सोयीसाठी घडलेला नसतो, खेळातला आवाज असायला हवा.

याच खेळातली हाकांची योजना तर थक्क करणारी आहे. प्रत्येक पात्राकडे एक हुकमी शक्ती असते आणि ती वापरताना ते मोठ्याने एक वाक्य म्हणतं. मर्सी ही स्वित्झर्लंडची डॉक्टर मूळ खेळात आपल्या मेलेल्या साथीदारांना उठवायची. तेव्हा तिचं वाक्य तिच्या बाजूच्या लोकांना इंग्रजीत ऐकू येई आणि शत्रूंना तेच वाक्य जर्मन भाषेत. हान्झो हा जपानी धनुर्धर शत्रूंना जपानीत ऐकू येतो, साथीदारांना इंग्रजीत. म्हणजे वाक्य सुरू होताच, त्याचा अर्थ मनात उतरण्याच्याही आधी, ‘हे आपलं की त्यांचं’ हा प्रश्न सुटलेला असतो. गंमत अशी, की इंग्रजी, जर्मन, जपानी यांतली एकही भाषा न येणाऱ्या मुलालाही हे दोन-चार दिवसांत कळू लागतं. तो शब्द ऐकत नाही, उच्चारांचा घाट ओळखतो. जपानी गर्जना ऐकली की पाय आपसूक भिंतीच्या आडोशाला वळतात.

आता दिशा. पडद्यावर आपल्याला समोरचा एक तुकडा दिसतो, मागचं आणि बाजूचं काही दिसत नाही. कान मात्र सगळीकडून ऐकतात. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाच्या आसपास असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मध्ये डोकं येतं आणि पलीकडच्या कानाला बारीक, तीक्ष्ण आवाज दबून ऐकू येतो. समोरचं आणि मागचं, वरचं आणि खालचं ओळखायला मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळ्या कामी येतात, कारण आवाज कुठून येतो त्याप्रमाणे त्या त्याचा पोत थोडासा बदलतात. हे सगळे बदल गणिताने करून हेडफोनच्या दोन बाजूंना वेगवेगळे सोडले, की आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो.

हे गणित न करता, थेट मुद्रणातच दिशा पकडायचीही एक पद्धत आहे. केंब्रिजच्या निंजा थिअरी कंपनीने २०१७ च्या ‘हेलब्लेड’साठी ती वापरली. खेळाची नायिका सेनुआ हिला सतत आवाज ऐकू येतात. मनोविकाराचा तो अनुभव खरा उतरावा म्हणून केंब्रिज विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचं आणि स्वतः या अनुभवातून गेलेल्या लोकांचं साहाय्य घेतलं गेलं. आवाज देणाऱ्या अभिनेत्री दोन कान असलेल्या मायक्रोफोनभोवती फिरत, जवळ येत, लांब जात कुजबुजल्या. हेडफोन लावून खेळलं की कुणीतरी मानेजवळ बोलतंय असं वाटतं आणि अंगावर काटा येतो. ते आवाज सेनुआला घाबरवतात, टोमणे मारतात, कधी धीर देतात. आणि लढाईत तेच आवाज मागून वार येतोय हेही ओरडून सांगतात. या खेळाच्या लढाईत पडद्यावर जीव किती उरला याची पट्टी नाही, नकाशा नाही. ज्या आवाजांनी तिचा छळ मांडलाय त्यांच्यावरच जगायला विसंबावं लागतं. खेळाडूच्या मनात त्यांच्याविषयी जी गुंतागुंत तयार होते, ती चित्राने किंवा संवादाने आणता आली असती असं मला वाटत नाही.

मात्र दिशेच्या या कारागिरीला मर्यादा आहेत, आणि मोबाइलवर पथकं करून लढणाऱ्या आपल्या मुलांना त्या रोज भोवतात. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो, त्यामुळे तिथे गोंधळ होतो. प्रत्यक्षात आपण नकळत मान हलवून तो सोडवतो. खेळातही तेच करायचं: नजर थोडी डावीकडे फिरवायची. आवाज समोरचा असेल तर तो उजव्या कानाकडे सरकतो, मागचा असेल तर डाव्या. वरचा मजला की खालचा, हे त्याहून अवघड. प्रत्येकाच्या कानाची पाळी वेगळी असते आणि खेळ मात्र एका सरासरी कानाचा हिशोब धरून चालतो. त्यामुळे एकाला जिन्यावरची पावलं स्पष्ट कळतात आणि त्याच खोलीत बसलेल्या त्याच्या मित्राला कळत नाहीत. दोघंही खरं बोलत असतात.

फोनचा स्पीकर वापरला तर ही सगळी मेहनत वाया जाते. डावं-उजवं जवळजवळ संपतं आणि पावलांमधला खालचा धप आवाज त्या इवल्याशा पडद्यातून येतच नाही. एकाच कानात इअरफोन घातला तरी तीच गत. ब्लूटूथचे इअरफोन ही आणखी एक फसवी वस्तू आहे. गाणी ऐकायला उत्तम, पण त्यांत अनेकदा सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशीर होतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात तोवर बारा चित्रं पुढे गेलेली असतात. तपासायला सोपं आहे: खेळात बंदुकीचं बटण एकदाच दाबा आणि आवाज बोटाबरोबर येतो की बोटामागून, ते बघा. मागून येत असेल तर साधे वायरचे इअरफोन घ्या. आणि ‘बास’ वाढवणारी सोय बंद ठेवा. स्फोट त्याने जोरकस होतात, पण त्यांच्याखाली पावलं गाडली जातात.

पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज भरमसाट वाढवणं ही मात्र खरी काळजीची गोष्ट. त्याच आवाजात नंतर बंदूक कानाशी फुटते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. अनेक खेळांच्या मेनूत ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ नावाची सोय असते. ती लावली की हळू आवाज वर येतात, मोठे खाली येतात आणि एकूण आवाज कमी ठेवूनही पावलं सुटत नाहीत.

ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय, या प्रश्नाकडे गेम बनवणाऱ्यांनी बऱ्याच उशिरा पाहिलं. माइनक्राफ्टमधला क्रीपर हा हिरवा प्राणी गुपचूप जवळ येतो आणि स्फोटाआधी फक्त दीड सेकंद वात पेटल्यासारखा फुसफुसतो. बहिऱ्या खेळाडूला तो दीड सेकंद मिळतच नव्हता. आता तिथे उपशीर्षकांची सोय आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘क्रीपर फुसफुसतो’ अशा अर्थाचं वाक्य येतं आणि आवाज कुठल्या बाजूने आला त्या बाजूला बाण दिसतो. ‘फोर्टनाइट’मध्ये पडद्याच्या मधोमध एक कडं असतं आणि त्यावर पावलं, गोळ्या, पेटारे यांची चिन्हं त्या-त्या दिशेला उमटतात. ऐकू येणारे कित्येक खेळाडूही ते चालू ठेवतात.

उलट टोकाला, न दिसणाऱ्यांसाठी, २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने फार मोठं काम केलं. साठाहून जास्त सोयी त्यात दिल्या होत्या आणि त्यांच्या आधारे अंध खेळाडूंनी तो खेळ शेवटपर्यंत पूर्ण केला. बटण दाबलं की आसपासच्या वस्तू किंवा शत्रू आपापल्या जागेवरून आवाज देतात. उडी मारायची जागा, वाकून जायची जागा, उचलायची वस्तू, प्रत्येकीला स्वतःचा सूर आहे. मेनूमध्ये या सगळ्या आवाजांचा एक कोश आहे. त्यातल्या एकेका नोंदीवर जायचं, आवाज ऐकायचा, त्याचा अर्थ समजून घ्यायचा आणि हवं तर पुन्हा ऐकायचा. खेळ सुरू करायच्या आधीच तो कोश उघडता येतो, आणि दिसणाऱ्या खेळाडूलाही तो उघडायला काही आडकाठी नाही.